आरोग्यचिंतन : दालचिनी, तज आणि मधुमेही माणसाचा चमचा

आमच्या एका वाचकभगिनीचे पत्र या महिन्यात आले आहे. त्या लिहितात की, त्यांच्या मामंजींस सहा वर्षांपासून मधुमेह आहे. वय अडुसष्ट, वजन ५४ किलो. चार महिन्यांपूर्वी कोणा स्नेह्याने त्यांस सांगितले की, दालचिनीने रक्तातील साखर उतरते. तेव्हापासून मामंजी सकाळी व रात्री एकेक चमचा दालचिनीची पूड कोमट पाण्यातून घेतात. आणि अलीकडे आपणहून संध्याकाळची गोळीही त्यांनी सोडली आहे. वाणी म्हणतो, "खरी दालचिनी हवी असेल तर तिप्पट दाम पडेल." तेव्हा खरी आणि खोटी म्हणजे काय, आणि मामंजी घेतात ती पूड अपायकारक तर नाही ना, असे त्या भगिनी विचारतात.

प्रश्न एका घराचा असला तरी पुष्कळ घरांस लागू पडणारा आहे. म्हणून त्याचा विचार येथे सविस्तर करीत आहो.

प्रथम नावाचा घोळ सोडवू. 'दालचिनी' हा शब्द फारसी 'दारचिनी'वरून आला असून त्याचा अर्थ 'चिनी लाकूड' असा आहे. म्हणजे आपण ज्या नावाने हा मसाला मागतो ते नावच मुळी चीनकडे बोट दाखविते. आणि ज्या सालीस जाणते लोक खरी दालचिनी म्हणतात ती तर सिंहलद्वीपाची, म्हणजे श्रीलंकेची! बाजारात या एका नावाखाली दोन जातींच्या साली विकल्या जातात. एक सिनॅमोमम व्हेरम या झाडाची. हीच सिंहली किंवा खरी दालचिनी. दुसरी तिच्या भाऊबंद झाडांची. त्यांत चीनची, इंडोनेशियाची व व्हिएतनामची अशा तीन जाती प्रमुख आहेत. या दुसऱ्या वर्गास इंग्रजीत कॅसिया व आपल्याकडे तज म्हणतात. आपल्या देशाच्या अन्नमानकांतही दालचिनी व तज या दोन निराळ्या वस्तू म्हणून सांगितल्या आहेत. दुकानात मात्र हा भेद राहत नाही. कित्येक ठिकाणी तज म्हणजेच दालचिनी असे समजून दोहोंचा एकच डबा असतो, आणि स्वस्त म्हणून त्यात बहुधा तजच भरलेली असते.

तेव्हा वाण्याच्या शब्दातील 'खरी' हे विशेषण घेण्यास हरकत नाही. परंतु त्याच्या उलट तज ही 'खोटी' आहे असे मात्र समजू नये. तीही खऱ्याच झाडाची साल आहे. चीनमध्ये ती शतकानुशतके औषधात व जेवणात वापरली जाते. दोहोंचा तिखट-गोड स्वाद मुख्यतः एकाच तैलद्रव्यापासून येतो. मधुमेही माणसाच्या दृष्टीने त्यांच्यातील महत्त्वाचा भेद स्वादाचा नव्हे, तर कूमारिन नावाच्या एका द्रव्याचा आहे.

कूमारिन हे वनस्पतींत आपोआप तयार होणारे सुगंधी द्रव्य होय. ताजे गवत कापून वाळत घातले असता जो गोडसर वास येतो, त्यात याचा वाटा मोठा. १८२० साली ते प्रथम टोंका नावाच्या दक्षिण अमेरिकन बियांपासून वेगळे काढले गेले, आणि पुढे १८६८ साली पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने ते प्रयोगशाळेत बनविले. मग अत्तरांत व खाद्यपदार्थांतही त्याचा वापर सुरू झाला. परंतु जनावरांवरील प्रयोगांत त्याने यकृतास इजा होते असे दिसून आल्यावर १९५४ साली अमेरिकेने ते खाद्यपदार्थांत मिसळण्यास बंदी केली. बंदी झाली ती वेगळे काढलेले कूमारिन मिसळण्यास. सालीत जे मुळातच असते ते तसेच राहिले.

ते किती असते? येथेच दोन साली एकमेकींपासून फार दूर जातात. जर्मनीच्या सरकारी जोखीम-मूल्यमापन संस्थेने या विषयाचा कसून अभ्यास केला आहे. तिच्या हिशेबाप्रमाणे तजेच्या एक ग्रॅम पुडीत सरासरीने ३ मिलिग्रॅम कूमारिन धरावे. हा सरासरीचा आकडा होय. एकाच जातीच्या निरनिराळ्या झाडांच्या सालींतही अंतर पडते, आणि काही नमुन्यांत हे प्रमाण याहून पुष्कळ अधिक आढळते. खऱ्या दालचिनीत मात्र ते नुसते नावापुरते असते; एका ग्रॅममध्ये मिलिग्रॅमचा काही शतांश भाग. हिशेबात सावधगिरी म्हणून आपण तो दहावा भाग, म्हणजे ०.१ मिलिग्रॅम, धरला तरीही तज तिच्या तीसपट भरते.

आता हे द्रव्य शरीरात काय करते ते पाहू. बहुतेक माणसांचे यकृत कूमारिनचे रूपांतर एका निरुपद्रवी द्रव्यात करून लघवीवाटे ते बाहेर टाकते. काहींच्या बाबतीत मात्र त्यातील अधिक अंश दुसऱ्या वाटेने जातो, आणि त्या वाटेवर तयार होणारे द्रव्य यकृताच्या पेशींस बाधते. पूर्वी पायांच्या शिरांच्या विकारांवर कूमारिनयुक्त औषधे देत असत. ती घेणाऱ्या थोड्याशा रोग्यांत यकृताचा दाह झाल्याचे आढळले, आणि बहुतेकांत औषध थांबविल्यावर तो ओसरलाही. आपण त्या थोड्यांपैकी आहो की नाही, हे आधी घरबसल्या कळण्याचा मार्ग नाही. म्हणूनच मर्यादा सर्वांसाठी ठेवावी लागते.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. कूमारिनने रक्त पातळ होते, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. कुजक्या, बुरशी चढलेल्या क्लोव्हर गवतात बुरशीमुळे कूमारिनपासून डायकूमारॉल नावाचे निराळेच द्रव्य बनते. ते गवत खाऊन अमेरिकेतील गुरे रक्तस्रावाने मरू लागली, आणि त्या शोधातून पुढे वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध निघाले. नावांचे गोत्र एक असले तरी गुण एक नव्हे. मसाल्यातील कूमारिनची भीती आहे ती यकृतासाठी. तथापि वॉरफरिन घेणाऱ्याने कोणताही मसाला औषध म्हणून रोज घेण्यापूर्वी डॉक्टरांस सांगावे हे उत्तम. कारण यकृत बिघडले म्हणजे त्या औषधाचा तोलही बिघडतो.

मर्यादा कशी ठरली तेही थोडक्यात सांगतो, म्हणजे तिचे वजन कळेल. कुत्र्यांवरील दीर्घ प्रयोगात शरीराच्या दर किलोमागे रोज १० मिलिग्रॅमपर्यंत कूमारिन दिले असता यकृतास इजा दिसली नाही. माणूस व जनावर यांतील भेद, आणि माणसामाणसांतील भेद लक्षात घेऊन त्या आकड्याचा शंभरावा भाग घेतला. अशा रीतीने युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००४ साली रोजची मर्यादा दर किलो वजनास ०.१ मिलिग्रॅम ठरविली, आणि २००८ साली फेरविचार करून तीच कायम केली. ही मर्यादा आयुष्यभर रोज घेण्याची आहे. त्याच फेरविचारात असेही सांगितले आहे की, एक-दोन आठवडे तिच्या तिप्पट कूमारिन पोटात गेले तरी चिंतेचे कारण नाही. म्हणजे सणासुदीत चार दिवस मसाला जास्त झाला तर घाबरू नये; महिनोन्महिने रोज जास्त होत असेल तर मात्र थांबावे.

आता मामंजींचा हिशेब मांडू. वजन ५४ किलो. म्हणून त्यांची रोजची मर्यादा ५.४ मिलिग्रॅम. चहाचा चमचा सपाट भरला तर त्यात दालचिनीची पूड सुमारे अडीच ग्रॅम बसते. दोन चमच्यांची पाच ग्रॅम. ही पूड तजेची असेल, आणि दुकानातून तयार आणलेली स्वस्त पूड बहुधा तशीच असते, तर ५ ग्रॅम गुणिले ३ असे १५ मिलिग्रॅम कूमारिन त्यांच्या पोटात रोज जाते. मर्यादेच्या जवळजवळ पावणेतीन पट. चमचे शिगोशीग भरलेले असतील, किंवा साल सरासरीहून तीव्र असेल, तर आकडा याहूनही वर जाईल. आणि हे चार दिवस नव्हे, चार महिने चालले आहे. याच पाच ग्रॅम खऱ्या दालचिनीच्या असत्या, तर वर धरलेल्या सावध आकड्यानेही कूमारिन अर्धा मिलिग्रॅम झाले असते. मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी.

पूड पाण्यात उकळून गाळून घेतली तर हा दोष जाईल का, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो. कूमारिन गरम पाण्यात विरघळते. तेव्हा चोथा गाळून टाकल्याने सर्वच कूमारिन टाकले जाते असे नाही. उकळलेल्या पाण्याचा नेमका हिशेब घरी करता येत नाही. म्हणून जितकी साल घातली तितकी पोटात गेली असे धरून चालणे हेच सुरक्षित.

मग याच घरच्या स्वयंपाकातील मसाल्याचे काय? तेथे चिंता नको. आठ माणसांच्या मसालेभातात तजेचा एक ग्रॅमचा तुकडा घातला, तर त्यातील सर्व कूमारिन भातात उतरले असे धरूनही प्रत्येकाच्या वाट्यास अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी येते. गोड्या मसाल्यात तर दालचिनीचा अंश त्याहूनही थोडा. अपाय होण्याचा संभव आहे तो मसाल्याचे औषध करून एकट्याने रोज चमचाभर घेण्यात. लहान मुलांस मात्र जपावे. पंधरा किलो वजनाच्या मुलाची मर्यादा दीड मिलिग्रॅम, म्हणजे तजेची अवघी अर्धा ग्रॅम पूड. आजोबांच्या डब्यातील पूड नातवाच्या दुधावर रोज भुरभुरण्याची चाल कोठे असेल तर ती बंद करावी.

आता दुसरा पक्ष. इतका हिशेब करून घेतलेल्या दालचिनीने साखर खरोखर उतरते काय? या सर्व चर्चेचे मूळ २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आहे. पाकिस्तानातील पेशावर येथे साठ मधुमेही स्त्रीपुरुषांचे गट करून काहींस रोज १, काहींस ३ व काहींस ६ ग्रॅम तजेची पूड कॅप्सूलमधून चाळीस दिवस दिली. उरलेल्यांस पोकळ औषध दिले. पूड घेणाऱ्या तिन्ही गटांत उपाशीपोटीची साखर १८ ते २९ टक्क्यांनी उतरली. हे वृत्त जगभर पसरले. परंतु त्या प्रयोगातील दोन गोष्टी मागे पडल्या. एक म्हणजे, १ ग्रॅम घेणाऱ्यांतही साखर उतरली. तेव्हा अधिक पूड म्हणजे अधिक गुण, असे त्यातून निघत नाही. दुसरी म्हणजे, तो चाळीस दिवसांचाच होता. दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखविणारी जी एचबीए१सी तपासणी, तिचा निकाल त्यात नाही.

पुढे नेदरलंड्स व अमेरिका येथे झालेल्या प्रयोगांत, रोज एक ते दीड ग्रॅम देऊनही, साखरेत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. २०१२ साली कॉक्रेन या संस्थेच्या परीक्षकांनी असे दहा प्रयोग व त्यांतील ५७७ माणसे एकत्र पाहिली, आणि मधुमेहावर दालचिनी सुचविण्याइतका पुरावा नाही असा निर्णय दिला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका एकत्र अभ्यासात उपाशीपोटीची साखर सरासरीने सुमारे २५ मिलिग्रॅमनी उतरलेली दिसली खरी, परंतु एचबीए१सीमध्ये भरवसा ठेवण्याजोगा फरक त्यातही नव्हता. सारांश, काहींची सकाळची साखर थोडी उतरत असेल. पण गोळीची जागा दालचिनीस देता येईल असे कोणत्याही प्रयोगाने दाखविलेले नाही.

येथे एक पेच आहे, आणि या लेखातील आमचे मुख्य सांगणे तेच होय. ज्या प्रयोगांच्या आधारावर लोक दालचिनी घेतात, त्यांतील बहुतेक तजेवर झालेले आहेत. आणि पेशावरच्या ६ ग्रॅमच्या मात्रेत सरासरीने १८ मिलिग्रॅम कूमारिन जाते. साठ किलोच्या माणसाच्या मर्यादेची ती तिप्पट झाली. म्हणजे ज्या सालीचा थोडाबहुत गुण दिसला, तीच मोठ्या मात्रेत रोज घेणे धोक्याचे; आणि जी रोज घेणे निर्धोक, त्या खऱ्या दालचिनीवर प्रयोग थोडे. खरी दालचिनी अधिक सुरक्षित आहे, हे निश्चित म्हणता येते. अधिक गुणकारी आहे, असे म्हणता येत नाही. वाण्यास तिप्पट दाम द्यावयाचे ते या सुरक्षिततेचे, गुणाचे नव्हे.

खरी दालचिनी ओळखावी कशी? तयार पुडीत ती डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून औषधासाठी घेणाराने नेहमी अख्खी साल घ्यावी आणि घरी कुटावी. श्रीलंकेत कोवळ्या फांद्यांची बाहेरची साल खरवडून टाकतात, आतली पातळ साल सोलतात, आणि असे अनेक पापुद्रे एकात एक घालून त्यांची नळी वळतात. अशी नळी आडवी धरून पाहिली तर विडीसारखी थरावर थर दिसते. रंग फिका, मातकट. बोटांनी दाबताच चुरते. चव सौम्य गोड, आणि मागून किंचित लवंगेची आठवण देणारी. तज जाड, एकाच थराची, गडद तांबूस आणि लाकडासारखी टणक असते. ती दोन्ही कडांनी आत वळलेली किंवा सपाट तुकड्यांत येते, आणि जिभेस चटका देते.

एक सावधगिरी मात्र येथे ठेवावी लागते. आपल्या कोकणातही खऱ्या दालचिनीची लागवड आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' नावाची तिची जात काढली आहे. परंतु फांदी जून असेल किंवा साल खरवडलेली नसेल, तर खऱ्या झाडाची सालही जाड दिसते. म्हणून नियम असा ठेवावा : पातळ, अनेक थरांची नळी असेल तर ती खरी, जाड साल असेल तर, ती कोणत्या झाडाची हे बागाईतदाराकडून प्रत्यक्ष कळल्याखेरीज, तज समजूनच हिशेब करावा. बाटलीतील कॅप्सूल घ्यावयाच्या असतील तर वेष्टणावर झाडाचे शास्त्रीय नाव पाहावे. नुसते 'दालचिनी' लिहिले असेल तर तीही तजच धरावी.

आता रोजचे माप. ज्यास दालचिनी घ्यावयाचीच आहे, त्याने खरी घ्यावी, आणि दिवसास एक ते दोन ग्रॅम, म्हणजे अर्धा ते पाऊण सपाट चमचा, यापलीकडे जाऊ नये. त्याहून अधिक घेऊन अधिक गुण येतो याचा पुरावा नाही. तजच मिळत असेल तर रोज अर्धा ग्रॅम, फार तर एक ग्रॅम. साठ किलोच्या माणसास सरासरीच्या हिशेबाने दोन ग्रॅम चालते हे खरे. परंतु साल सरासरीहून तीव्र निघू शकते आणि जेवणातील मसालाही वेगळा असतोच, म्हणून निम्म्यावर थांबणे शहाणपणाचे. चमचे लहानमोठे असतात. घरात बारीक वजनाचा काटा असेल तर एकदा आपल्या चमच्यात किती मावते ते मोजून ठेवावे. ज्यांस पूर्वी कावीळ किंवा यकृताचा विकार झाला आहे, जे यकृतावर ताण आणणारी औषधे घेतात, आणि ज्या स्त्रिया गरोदर आहेत, त्यांनी जेवणातील मसाल्याखेरीज निराळी मात्रा घेऊच नये.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींस आमचे सांगणे तीन कलमांत आहे. पहिले, मामंजींची संध्याकाळची गोळी डॉक्टरांस विचारून ताबडतोब पूर्ववत सुरू करावी. कूमारिनपेक्षाही ही चूक मोठी आहे, कारण वाढलेली साखर डोळे, मूत्रपिंडे व पाय यांस गुपचूप पोखरते. दुसरे, सध्याची पूड बंद करावी, आणि डॉक्टरांस चार महिन्यांची हकीकत सांगून यकृताची रक्ततपासणी व एचबीए१सी अशा दोन्ही तपासण्या करवून घ्याव्या. तिसरे, अहवाल चांगला आला व मामंजींचा आग्रहच राहिला, तर वर सांगितलेल्या मापाने खरी दालचिनी द्यावी. गोळी चालू असताना साखर फार खाली उतरत नाही ना, हे पहिले काही दिवस तपासावे. घाम सुटणे, हातपाय कापणे, एकाएकी भोवळ येणे, ही साखर उतरल्याची लक्षणे होत. सुनेने सासऱ्यांस हे सांगणे अवघड वाटत असेल, तर वरचा पाच ग्रॅमचा हिशेब कागदावर लिहून यजमानांकरवी त्यांच्यापुढे ठेवावा. ज्येष्ठ माणसास निषेधापेक्षा आकडा लवकर पटतो.

दालचिनी कोणतीही घ्या, ती चालू असताना अन्नावरील वासना उडणे, सारखी मळमळ, लघवी चहासारखी गडद होणे, डोळ्यांत पिवळेपणा दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर त्याच दिवशी ती थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा. आणि घरात दोन्ही साली असतील तर डबे निराळे ठेवून त्यांवर नावे लिहावी. मसाल्याच्या डब्यातील तज औषधाच्या चमच्यात जाऊ नये, यास एवढी चिठ्ठी पुरते.